कॉफीला लावलेली टाकी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मलकापूरला स्टेशनरस्त्यावर आमची पिठाची गिरणी होती आणि बरोबर समोर दक्षिणेकडच्या एका शेटचं हॉटेल. माझं लग्न झालेलं, गिरणी माझ्याच हाताखाली, आणि पंचक्रोशीत माझ्यासारखी टाकी कोणी लावत नाही असा माझा पक्का समज. टाकी लावणं म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडणं. पीठ चिमटीत धरलं की कुठला दगड बोथटला ते मला कळत असे, आणि ते चारचौघांत सांगायची हौसही होती.

हॉटेलातली कॉफी एक म्हातारे गृहस्थ करत. सगळे त्यांना काका म्हणत. शेटच्याच गावचे, पण वीस वर्षांत बोली आमचीच उचललेली. ते बिया स्वतः भाजत, हाताने फिरवायच्या यंत्रात दळत आणि पितळी गाळणीत निवळ अर्क उतरवत. यंत्रात दोन लोखंडी चकत्या समोरासमोर होत्या. एक स्थिर, दुसरी फिरती. वापरून वापरून त्या बोथटल्या, तेव्हा शेट म्हणाला की नव्या मागवू. मी मधे तोंड घातलं.

"काऊन मागवता? मी लावून देतो ना टाकी."

दुपारभर बसून मी दोन्ही चकत्यांना मध्यापासून कडेपर्यंत खणखणीत खोल खाचा पाडल्या. यंत्र भराभर चालायला लागलं. शेट खूश, मी त्याहून खूश. बदल्यात मिळालेला डोसा मी ऐटीत खाल्ला.

त्यानंतर कॉफी बिघडली. एकदम नाही, पण लोकांच्या लक्षात येईल इतकी. कपाच्या तळाशी गाळ, तोंडात कडवट पिठूळपणा, आणि गंमत म्हणजे कडू असूनही पातळ. मलकापूरला उतरणारे कापसाचे व्यापारी खास या कॉफीसाठी थांबत, तेही अर्धा कप तसाच ठेवू लागले. शेट तो उरलेला कप गिऱ्हाइकांसमोर काकांपुढे आदळायचा. मीही रोज ती कॉफी प्यायचो आणि गल्ल्याशी टेकून म्हणायचो, "काका थकले आता."

दोन महिन्यांनी शेटने गावाकडून दुसरा माणूस बोलावला. तो पंधरा दिवसांत येणार होता. मग काकांनी परत जायचं. गावी त्यांचं जवळचं कोणी उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात दुपारी काका गिरणीत आले. पुडीत कॉफीची पूड होती.

"तुले पिठाची पारख हाय ना? मंग पाय बरं हे. बारीक दळलं का गाळणी तुंबते, थेंब उतरत नाही. जाड दळलं का पानी भसकन खाली जाते, तरीबी गाळ राह्यतेच. दोन्ही एका वक्ताले कसं होऊन राह्यलं?"

प्रश्न मला आवडला. जाड दळलं तर गाळ कुठून आला? मी पूड चिमटीत चोळली आणि पहिल्यांदाच नीट लक्ष दिलं. बोटाला काजळीसारखी भुकटी चिकटली होती आणि त्याच चिमटीत ज्वारीच्या कणीएवढे खडे टोचत होते. पिठात असं झालं तर मला पर्वा नसते. जाड ते चाळणीवर राहतं, कोंडा म्हणून गाई-म्हशींना जातं. इथे मात्र सगळंच एका गाळणीत पडत होतं.

मैद्याची आणि रव्याची अशा दोन चाळण्या घेऊन मी पूड चाळली. तीन ढीग झाले. भुकटी, खडे आणि मधली एकसारखी पूड. भुकटी आणि खडे मिळून मधलीपेक्षा जास्तच भरले. ते पाहून मला मौज वाटायला लागली होती, हे कबूल करतो. काकांनी हॉटेलातून तीन गाळण्या आणि उकळतं पाणी आणलं, तिन्हींचं वजन सारखं घेतलं, पाणी सारखं ओतलं, आणि आम्ही गिरणीतल्या बाकावर तीन काचेचे पेले मांडून बसलो.

खड्यांची कॉफी आधी उतरली. फिकट, आंबूस, पाणचट. पाणी आत शिरलंच नव्हतं. भुकटीचं पाणी बराच वेळ गाळणीतच अडून बसलं आणि जे उतरलं ते गढूळ, जीभ धरणारं कडू. मधल्या पुडीचा पेला काकांनी दाराकडे धरला. लालसर तपकिरी रंगातून समोरच्या रस्त्यावरचा टांगा दिसत होता.

काकांनी घोट घेतला. डोळे मिटून आणखी एक घेतला. मग हळूच म्हणाले, "हे माही कॉफी हाय."

मी विचारलं, "मंग रोज चाळूनच करा ना काका."

"अर्धा माल फेकू? आन् चाळून चाळून वास उडून जाईन. यंत्रातच एकसारखं निघाले पायजे."

म्हणून यंत्र उघडायला आम्ही हॉटेलात गेलो. चकती हातात घेतली आणि माझं मलाच दिसलं. माझ्या खाचा कडेपर्यंत तशाच खोल गेल्या होत्या. कंपनीच्या चकतीत त्या बाहेरच्या बाजूला उथळ होत जातात आणि कडेची सपाट पट्टी शेवटचं माप ठरवते, हे खाचांच्या मधल्या जागेत उरलेल्या जुन्या खुणांवरून आता ओळखू येत होतं. ती पट्टी मीच तोडली होती. मोठे तुकडे खाचेतून जसेच्या तसे निसटायचे, आणि माझ्या छिन्नीने उंच-सखल ठेवलेल्या कंगोऱ्यांत सापडलेले तुकडे रगडून भुकटी व्हायचे. चकत्या जवळ आणल्या की भुकटी वाढणार, लांब नेल्या की खडे वाढणार. दोन्हींपासून सुटका नव्हती.

गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. चकत्या जुन्याच होत्या, झिजल्या म्हणून खपलं असतं. पण मघाचा तो घोट घेतानाचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. मी चकती घेऊन गल्ल्याशी गेलो.

"शेट, काकांचा हात बिघडला नोता. हे माह्यानं झालं. दगडाची टाकी लोखंडाले लावली मी."

शेटने चकतीवर बोट फिरवलं. दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहत होती, त्यांतलं एक माझ्याच गिरणीचं. शेट इतकंच म्हणाला, "मंग तो दुसरा माणूस कायले बोलावला मी?" आणि त्याच संध्याकाळी त्याने नको येऊ म्हणून तार केली.

नव्या चकत्या रेल्वे पार्सलने आल्या. मी त्यांना हातसुद्धा लावला नाही. काकांनीच बसवल्या, पहिल्या मुठीची पूड पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली आणि पहिला कप शेटपुढे ठेवला. शेटने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि रिकामा कप काकांपुढे हळू सरकवला. तळ स्वच्छ होता.

दुसरा कप काकांनी मला दिला. मला माफी मागायची होती, पण त्याआधी तेच बोलले.

"दोन महिने मले वाटे का माही जीभच मेली. रोज राती मीठ-साखर चाखून पाहो मी. तू आधी काऊन नाही आला बे?"

दोन महिने मी समोरच तर बसलो होतो.