घंटा निळी झाली की

“हे बघ, मला इंजिन सांगू नकोस. माणसाचं काय होणार ते सांग.”

“ताई, काही होणार नाही. जुनी यंत्रणा काढली, नवी बसवली. वापरणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.”

“कळणार नाही ह्याचंच तर मला भ्या वाटतंय.”

बोलणाऱ्या बाईला ऑफिसात सगळे सोपीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथंच राहिलं. पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी, डब्यात रोज एकच भाजी आणणारी. तिचं काम असं: इंजिनिअर लोक अ‍ॅपमध्ये जे बदल करतात त्याची टिपणं त्यांच्या भाषेत लिहितात. ती भाषा त्यांची त्यांनाच कळते. सोपीताईनं ती टिपणं वाचायची, त्यातलं काय माणसाच्या कामाचं आणि काय नाही ते पाखडायचं, आणि वापरणाऱ्यांना जो मेल जातो तो साध्या भाषेत लिहायचा. जात्यावर बसल्यासारखं काम. दाणे दुसऱ्याचे, पीठ दुसऱ्याचं, दळणारीचे फक्त हात भरतात.

अ‍ॅप गोळ्यांच्या आठवणीचं होतं. वेळ लावून ठेवायची, वेळ झाली की फोनवर घंटा वाजते, गोळी घ्यायची. वापरणारे बहुतेक वयस्क.

त्या दिवशी टिपणात एक ओळ होती, तिसऱ्या नंबरावर, कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखी: आठवणी नव्या शेड्युलरवर नेल्या आहेत, मायग्रेशन पहिल्या लाँचला चालेल. याच्याआधी तिनं असल्या ओळीचं “घंटा आता अधिक भरवशाची” एवढं करून टाकलं असतं. पण ‘पहिल्या लाँचला’ तिच्या दातात खड्यासारखं आलं. म्हणून ती इंजिनिअरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली होती.

लाँच म्हणजे काय, हे तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं. लाँच म्हणजे अ‍ॅप उघडणं. अपडेट झाल्यावर माणसानं अ‍ॅप एकदा उघडलं की लावलेल्या वेळा जुन्या जागेवरून नव्या जागी जाणार. मग घंटा पूर्वीसारखी, उलट जास्त वेळेवर वाजणार.

“आणि नाहीच उघडलं तर?”

इंजिनिअरनं चष्मा काढला, पुसला. पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, नाही उघडलं तर वेळा जुन्या जागीच पडून राहतील. जुनं इंजिन तर काढून टाकलंय. म्हणजे उघडेपर्यंत घंटा वाजणार नाही. पण अ‍ॅप कोण उघडत नाही, ताई?

आता ही चूक त्याच्यासारख्यांनीच करावी. तो दिवसातून शंभर वेळा अ‍ॅप उघडायचा, कारण ते बांधणं हाच त्याचा धंदा. पण गोळीच्या घंटेचं अ‍ॅप उघडतं कोण? एकदा कुणीतरी वेळा लावून देतं, त्यानंतर माणूस फक्त कान देतं. सोपीताईच्या स्वतःच्या फोनवर थायरॉइडच्या गोळीची घंटा होती. घरात सकाळी तिच्याशी बोलणारं तेवढंच एक. तिनंसुद्धा अ‍ॅप कधी उघडलं होतं ते तिला आठवेना.

आपोआप नाही का करता येणार, असं तिनं विचारलं. येईल म्हणाला, पण पुढच्या आवृत्तीत, सगळ्या तऱ्हेच्या फोनांवर तपासून. ही आवृत्ती थांबवता येत नाही, कारण नव्या फोनांवर जुनी घंटा उशिरा वाजायला लागलीय. उद्यापासून ती थोड्याथोड्या फोनांत उतरायला लागेल.

म्हणजे मेल हाच एक उपाय. आणि मेल तिच्याकडे.

ती जागेवर आली आणि तिच्या डोळ्यांपुढं अक्का उभी राहिली.

अक्का म्हणजे थोरली बहीण. दूर, आईच्या घरात एकटी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं अक्कानं काढलं. सोपीताई सुट्टीच्या दिवशी जायची, आल्या पावली परत यायची. आई गेल्यावर अक्काला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आणि ती विसरते म्हणून सोपीताईनं तिच्या फोनवर हेच अ‍ॅप घातलं, वेळ लावली, मेलचा पत्ता काढून दिला. अक्का तिच्याकडं बघत राहिली होती. मग म्हणाली होती, “माणसानं यायचं तर घंटा बसवून चाललीस होय.” त्यावर सोपीताईला उत्तर सुचलं नाही. ते आजतागायत सुचलं नव्हतं. त्यामुळं फोन सणासुदीपुरते राहिले, आणि मग सणही चुकू लागले.

अक्का घंटा ऐकायची आणि गोळी घ्यायची. अ‍ॅप ती सात जन्मांत उघडणार नव्हती. घंटा वाजली नाही तर ती म्हणणार, आज वाजली नाही, म्हणजे आज नको असेल.

दुपारी मॅनेजरबाईंपुढं मसुदा गेला. बाईंनी विषयाची ओळ आधीच ठरवली होती: ‘नवं रूप, नवे रंग’. या अपडेटमध्ये अ‍ॅपचं चित्र, आतले रंग, सगळं बदललं होतं, आणि बाईंनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. सोपीताई म्हणाली, घंटेचं वर घ्या. बाई म्हणाल्या, वर घेतलं की लोक घाबरतील, अ‍ॅप काढूनच टाकतील. खाली लिहा, ठळक अक्षरात लिहा. सोपीताई म्हणाली, खालपर्यंत जाणारा माणूस घाबरत नसतो, आणि आपला माणूस विषयाच्या पुढं जातच नाही. बाई म्हणाल्या, हा तुमचा अंदाज झाला.

अंदाजच होता. तेवढं खरं होतं. तिला वाचणारा माणूस हवा होता, आणि फोन करावा असं माणूस तिच्या यादीत एकच होतं.

तिनं मसुदा अक्काच्या पत्त्यावर पाठवला आणि जिन्यात जाऊन फोन लावला. जिन्यात फिनेलचा वास होता. फोन बराच वेळ वाजला.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“अक्का, नाव दिसतंय की तुला.”

“दिसतंय. पण खरं वाटेना. कोण गेलं?”

कुणी गेलं नाही, कामाचं आहे, एक पत्र पाठवलंय ते वाच आणि त्यात सांगितलंय ते कर, असं सोपीताईनं सांगितलं. अक्कानं चष्मा शोधला, ते फोनवर ऐकू आलं. मग तिनं पुटपुटत वाचलं.

“केलं.”

“काय केलंस?”

“एकदा उघडा म्हटलंय. उघडलं.”

“काय उघडलंस?”

“तुझं पत्र. नाहीतर वाचलं कसं असतं?”

सोपीताईनं कपाळाला हात लावला. मग तोंडीच सांगितलं, पत्र नव्हे, फोनवर हिरव्या घंटेचं चित्र आहे, त्याच्यावर बोट ठेव. अक्कानं ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच.

“आता ते थरथरतंय. आणि वर लिहून आलंय, काढून टाका.”

“बोट काढ. काही दाबू नकोस.”

“ठेव म्हणतीस, काढ म्हणतीस. आईलाही असंच करायचीस, उठवू का झोपवू.”

  खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. मग सोपीताईनं हळूच सांगितलं, कडी वाजवल्यासारखं कर, टेकवायचं आणि लगेच उचलायचं. अक्कानं केलं. अ‍ॅप उघडलं, गोळीची वेळ दिसली. अक्का म्हणाली, झालं का मग? सोपीताईला खोटं बोलवेना. तिनं सांगितलं, आज केलं ते नुसतं शिकण्यापुरतं. खरं करायचं ते अपडेट झाल्यावर.

“ते झालं हे मला कोण सांगणार? तू?”

इथं सोपीताई पायरीवर बसली. इंजिनिअरला जो विचारायचा राहिला, तोच प्रश्न अक्कानं विचारला होता. अपडेट प्रत्येकाच्या फोनात वेगळ्या दिवशी, चोरपावलांनी येणार. आलं हे माणसाला कशावरून कळावं? ती अक्काचं श्वास घेणं ऐकत बसली, आणि मग तिला मॅनेजरबाईंचे रंग आठवले. अपडेट होताच फोनवरचं चित्रही बदलणार होतं. हिरवी घंटा निळी होणार होती.

“अक्का, घंटा अजून हिरवी आहे ना?”

“हिरवी आहे.”

“ती निळी झाली की कडी वाजव. तोवर नको.”

“हे कळलं,” अक्का म्हणाली. “एवढं तर आधीच लिहायचंस.” आणि फोन ठेवला.

मॅनेजरबाईंनी नवा विषय दोनदा वाचला: ‘हिरवी घंटा निळी झाली की अ‍ॅप एकदा उघडा, नाहीतर गोळीची घंटा वाजणार नाही’. घाबरवणारा आहेच, म्हणाल्या. सोपीताई म्हणाली, आहेच. बाईंनी पेन खाली ठेवलं. रंग असे कामाला येतील हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हणाल्या, विषय तुमचा ठेवा, मेलमधलं वरचं चित्र माझं. खाली दोनच ओळी राहिल्या: फोनवरच्या निळ्या घंटेवर बोट टेकवून लगेच उचला. तुमच्या गोळ्यांच्या वेळा दिसल्या की काम झालं. त्याखाली नेहमीची ओळ, या मेलला उत्तर देऊ नका. ती ओळ सोपीताईनंच पूर्वी कधीतरी लिहिली होती.

मेल गेला. किती लोकांनी मेल उघडला ते पडद्यावर दिसतं, किती गोळ्या वेळेवर घेतल्या ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा टाकत होती तर फोन वाजला. घंटा नव्हे, फोन.

“हिरवीच आहे,” अक्का म्हणाली, आणि ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही हिरवी. मग अक्कानं हिरवीबरोबर एखादं वाक्य जोडायला सुरुवात केली. हिरवीच आहे, आणि मागची भिंत ओल धरतीय. हिरवीच आहे, आणि तुझा आवाज बसलाय, काढा घे. सोपीताई चहा खाली उतरवून फोनजवळ बसायला लागली. एकदा इंजिनिअरनं सहज सांगितलं, ताई, येत्या दोन-चार दिवसांत सगळ्या फोनांत उतरेल. चांगलं झालं, असं ती म्हणाली. आणि जागेवर येऊन बसली तेव्हा तिला कळलं, की अक्काचा फोन मागं राहावा असं तिला वाटतंय. त्याची तिला लाज वाटली. गोळी घंटेवर चालते, आपल्या वाटण्यावर नाही.

तो दिवस आला तो साधाच आला.

“निळी झाली,” अक्का म्हणाली. “कडी वाजवली. वेळ दिसली. तुझी ती घंटाही वाजली आत्ता, गोळी घेतली.”

“बरं झालं.”

“झालं ना मग काम?”

झालं, असं सोपीताई म्हणाली. आणखी काही बोलायचं म्हणून तिनं भिंतीची ओल विचारली. तशीच आहे, अक्का म्हणाली. सोपीताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग अक्का म्हणाली, ठेवते, दूध उतू जाईल. दूध होतं का नव्हतं, कोण जाणे.

पुढच्या सकाळी फोन वाजला नाही. तिच्या थायरॉइडची घंटा तेवढी वाजली, निळी, कडी वाजवलेली, अगदी वेळेवर. तिनं गोळी घेतली, डबा भरला, एकच भाजी, आणि ऑफिसला आली. अक्काला आपणच करावा, हे तिच्या मनात आलं. पण काय म्हणून करायचा? कारण सापडेना.

टेबलावर इंजिनिअरनं पुढच्या आवृत्तीची टिपणं ठेवली होती. पहिलीच ओळ मेल्या सापासारखी लांब. सोपीताईनं चष्मा चढवला, पेन्सिल घेतली, आणि उठून त्याच्या टेबलाकडं निघाली.

“हे काय लिहिलंयस बाबा? माणसाचं काय होणार ते सांग.”