आधीच्या भाडेकरूची बिडी

भंडाऱ्यातल्या भाड्याच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि शिळ्या बिडीचा भपकारा आला. आधीच्या भाडेकरूनं भिंतींनाही बिडी पाजली असावी. बायकोनं नाकाला पदर लावला. मी मात्र मनातल्या मनात त्या भल्या माणसाला हात जोडले. तिच्या लेखी मी दोन वर्षांपूर्वीच बिडी सोडली होती. आता गॅलरीत रोज एखादी चोरून ओढली, तरी खापर फोडायला माणूस मिळाला होता.

म्हणून मी म्हटलं, "उदबत्ती लाव, जाईल वास."

"झाकून वास जाते काय जी? काढा लागते," म्हणत तिनं माझ्याच हाती फडकं दिलं.

धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं मी भिंती पुसल्या, तर चहाच्या रंगाचे ओघळ उतरले. कपाटांतले जुने कागद काढले, फळ्या व्हिनेगरनं पुसल्या, दारं उघडी ठेवून पंखा लावला, कप्प्यांत कोळशाच्या वाट्या ठेवल्या. स्वतःचा आडोसा मी स्वतःच पाडत होतो. तरी अधूनमधून, "जुना वास आहे, महिनाभर तरी राहील," असं बजावत होतो.

चौथ्या दिवशी ती घरभर हुंगत फिरली. भिंती पास झाल्या, कपाटंही पास झाली. मग ती माझ्या कॉलरपाशी येऊन थांबली.

"सारं घर साफ निघालं," ती म्हणाली, "आता तुमीच राहिले. सोडा उरला आहे."

आणि तिनं बादली बाथरूमकडे सरकवली.