डॅशबोर्डवरचं हिरवं शून्य

चीड येते ती आधी स्वतःची, मग प्लांट हेडची. हा क्रम मला मान्य करायलाही बराच काळ लागला.

हिंगणघाटजवळच्या आमच्या सूतगिरणीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. हेड ऑफिसनं दर महिन्याचा सेफ्टी डॅशबोर्ड मागितला. एका पानावर मोजके चौकोन, लाल नाहीतर हिरवे. काही आकडे घडून गेलेल्याचे, म्हणजे लॅगिंग. काही घडण्याआधी सावध करणारे, म्हणजे लीडिंग. लॅगिंगवर वाद झालाच नाही. ज्या दुखापतीमुळे कामगार कामावर येऊ शकला नाही, ती मोजायची.

लीडिंगसाठी मी दोन आकडे सुचवले. मशीनच्या दारांचे किती सेफ्टी स्विच तपासणीत चालू सापडले, आणि सापडलेल्या दोषांपैकी किती मुदत उलटूनही दुरुस्त झाले नाहीत. कारण साधं होतं. ब्लोरूममध्ये, म्हणजे गाठींतला कापूस मोकळा करतात त्या विभागात, कापूस फोडणारा बीटर हा दातेरी रूळ वीज बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत दार उघडू नये म्हणून तिथं स्विच असतो. कापूस अडकला की तेवढं थांबायला कुणाला सवड नव्हती, म्हणून आमच्या फिटरांनी काही स्विच तारेनं बांधून टाकले होते, म्हणजे बीटर फिरत असतानाही दार उघडायचं.

प्लांट हेड हसले. "अहो साहेब, हे दोन चौकोन तर पहिल्या दिवसापासून लाल! हेड ऑफिसला काय सांगू, आम्ही तारा बांधून मिल चालवून राह्यलो?"

"म्हणूनच घ्यायचे, सर."

"ट्रेनिंगचे तास टाका ना. आणि राउंड किती झाले ते. आपल्या हातातलं पाहिजे, भाई."

मी माझे दोन्ही आकडे खोडले. ट्रेनिंगचे तास आले, राउंड आले. त्या तारा मी प्रत्येक राउंडला पाहत होतो, लिहीतही होतो. राउंड झाला की चौकोन हिरवा. तार तिथंच. म्हणजे धोका जितक्या वेळा पाहून सोडून द्यावा, तितका आमचा डॅशबोर्ड चांगला दिसायचा! असला आकडा निवडणाऱ्याला काय म्हणावं? त्यावर सही माझी होती.

मग ब्लोरूममधल्या एका जुन्या कामगाराची दोन बोटं गेली. अल्लीपूरकडचा माणूस, सगळ्यांची टर उडवणारा. त्यानं मशीन बंद केलं, दार उघडलं, हात घातला. दार उघडलं म्हणजे बीटर थांबला, असं ट्रेनिंगमध्ये मीच सांगितलं होतं.

खासगी दवाखान्यात टाके पडले. दुसऱ्या दिवशी कंपनीची जीप त्याच्या घरी गेली आणि त्याला हजेरी लावतात त्या टाइम ऑफिसात खुर्चीवर आणून बसवलं. माणूस कामावर हजर, म्हणजे दिवस बुडाला नाही, म्हणजे दुखापत मोजायची नाही. त्या चौकोनात शून्य, तेही हिरवं. ते मी भरलं.

"साहेब, मले इथं काऊन बसवलं?" बँडेजचा हात छातीशी धरून त्यानं विचारलं. "काम त काही नाई. गणपतीसारखा मांडून ठेवला नुसता. विसर्जन कधी हाय तेवढं सांगा."

टाइम ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

काही दिवसांनी त्याची बायको गेटवर आली. ती ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात जाऊन आली होती. बोटं गेल्याबद्दल कायमचा लाभ मिळायला कंपनीकडून अपघाताचा रिपोर्ट लागतो, असं तिथं सांगितलं होतं.

"तुमचे लोक म्हणते अपघात झालाच नाई," ती म्हणाली. "मंग बोटं काय घरी इसरून आला का तो?"

मी प्लांट हेडकडे गेलो. ते म्हणाले, "महिना संपू द्या. मग पाहू."

"महिना संपला की शून्य पक्कं होईल, सर. मग कुणी पाहणार नाही."

"तुम्हाला आत्ताच काय झालं? भरलं तर तुम्हीच होतं."

हे खरं होतं, म्हणूनच माझा आवाज चढला. केबिनबाहेर ऐकू गेला असणार. मी अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला पाठवला, उशिराच. डॅशबोर्डवर शून्याच्या जागी एक लिहिला, राउंडचा चौकोन काढला आणि माझे दोन्ही आकडे लाल रंगात घालून हेड ऑफिसला धाडले. मला मेमो मिळाला. पण तिथून फोनही आला, हे लाल काय आहे म्हणून. बांधलेले सगळे स्विच एका दुपारी बदलून झाले. एका दुपारी! सुटे भाग स्टोअरमध्ये पडून होते.

त्या कामगाराचा लाभ मंजूर झाला. आता तो गोडाऊनला असतो. बाकी सगळ्यांची टर उडवतो. मी दिसलो की गप्प होतो, आणि मी निघून जाईपर्यंत बोलत नाही.