टिंबं देणारा दयाराम

दयाराम पेंटर शिडीवर उभा राहून टिंबं देऊन राह्यला होता. अक्षरं सारी झाली होती, टिंबं तेवढी बाकी. त्यासाठी तो ब्रशचं उलटं टोक वापरे. रंगात बुडवलं, पत्र्याले टेकवलं, उचललं. गोल गरगरीत टिंब. एम टिंब बी टिंब बी टिंब एस टिंब, मंग डी.सी.एच. मेहकरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत लहान लेकराईच्या डॉक्टरनं नवा दवाखाना टाकला होता, त्याचा बोर्ड.

खालून गोकुळ चहावाला बोंबलला, "ओ पेंटर! चहा थंडा होऊन राह्यला!"

दयाराम वळला नाही.

"बहिरा झाला काय बे?"

तरी नाही. शेवटी गोकुळनं शिडी हालवली, तवा दयारामनं खाली पाह्यलं आन् म्हणलं, "हाव हाव, झालंच."

लोक म्हणत, पेंटर आजकाल चढला, हाक मारली तं ओ देत नाही. साफ खोटं. दयारामएवढा सरळ माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता, आन् असं म्हणणाऱ्यापैकी एकानंही त्याच्या दुकानात घडीभर बसून पाह्यलं नव्हतं. त्याले ऐकू येत नव्हतं, एवढीच गोष्ट. म्हणजे आवाज येई, शब्द येत नसे. समोरच्याचं तोंड हाले आन् कानात नुसती घरघर, दूरच्या चक्कीसारखी. बायाईचं आन् लेकराईचं बोलणं तं अजिबातच नाही. मंग त्यानं एक उपाय काढला. समोरचा बोलायचा थांबला का मान हालवायची आन् म्हणायचं, "हाव." धापैकी सात वेळा ते बरोबर बसे.

बायको धम्मशीला होती तवर भागलं. ती गिऱ्हाइकाचं बोलणं त्याच्या तोंडासमोर येऊन पुन्हा सांगे. ती गेली आन् दुकानात बोलणं बंद झालं. पोरगा प्रसेनजित चाकणले कंपनीत. तो एकदा घरी आला तवा म्हणला, "बाबा, कान दाखवून घ्या." दयारामनं भरलं ताट सारलं. "माह्या कानाले काय धाड भरली?" त्या दिवसापासून पोरानं तो विषय काढला नाही. फोन करे, बाप 'हाव, हाव, बरं हाय' म्हणे, अन् फोन आखूड होत गेले.

बोर्डाच्या कामाले कान लागत नाहीत, हे दयारामचं नशीब. लोक कागदावर नाहीतं मोबाईलवर लिहून आणत. आन् नावामागच्या पदव्या लावण्यात त्याचा हात बसलेला. लहान पदवी आधी, मोठी मागून. डॉक्टर असला तं एम.बी.बी.एस. पहिली, तिच्या मागं एम.डी. नाहीतं डिप्लोमा. आयुर्वेदवाल्याची बी.ए.एम.एस. आधी, मंग एम.डी., आन् तिच्यापुढं कंसात आयुर्वेद, म्हणजे घोटाळा नाही. मास्तरनं एम.ए. लावली तं बी.ए. गाळा, ती त्यातच आली. पण बी.एड. गाळू नका, नोकरी तिच्यावर हाय. समोर डॉ. लावलं असीन तं मांगं पीएच.डी. कायले? एकच ठेवा. नोंदणीचा नंबर सगळ्यात खाली, बारीक.

आन् एक नियम त्याचा सोताचा. पदवी उघडी करायची नाही. "पूर्ण लिहिली का तिचं वजन जाते," तो म्हणे. "टिंबं पाह्यली का माणूस दबते. समजली तं काय दबीन?"

तवाच त्याच्या समोरचं दुकान सुचिता खरातनं भाड्यानं घेतलं. अमडापूरची पोरगी, मुंबईले शिकून आली होती. बोर्डासाठी ती दयारामकडं आली आन् मोबाईल पुढं केला. त्यावर दोन पदव्या होत्या: बी.ए.एस.एल.पी. आन् एम.ए.एस.एल.पी.

दयाराम पाह्यतच राह्यला. "मॅडम, हे दोनदा आलं काय? एका अक्षराचाच फरक हाय."

सुचिता हसली आन् बोलायले लागली. शेजारी वेल्डिंग चालू होतं. दयाराम तिच्या ओठाकडं पाहत राह्यला. मधात तिनं कानावरचे केस मागं सारले, बोर्डाच्या जागेकडं हात केला, पुन्हा कानाशी हात नेला. बरंच बोलली. थांबली तसा तो म्हणला, "हाव."

"समोर डॉ. टाकतो ना?"

तिनं मान हालवली, हातही हालवला. तिची पदवी डॉक्टरकीची नव्हती, तिले डॉ. लावायचं नव्हतं. ते 'नाही' दयारामले दिसलं, म्हणून समजलं. त्याले वाईट वाटलं. समोर डॉ. नाही म्हणजे बोर्ड उघडाबोडका. मंग त्याची कसर टिंबात काढू, असं त्यानं मनात ठरवलं.

तिनं आणखी काही ईचारलं. तो म्हणला, "हाव."

तिनं पुन्हा तेच ईचारलं. तो पुन्हा म्हणला, "हाव, हाव."

सुचितानं त्याच्याकडं नीट पाह्यलं, आन् ती गेली.

बोर्ड झाला तो लाखात एक. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, 'सुचिता खरात', खाली 'बी.ए.एस.एल.पी., एम.ए.एस.एल.पी.', त्याच्या खाली नोंदणी नंबर. टिंबं अशी, का मोत्याची लड. सुचिता बोर्डाखाली उभी राहून बराच वेळ पाहत राह्यली. काहीतरी म्हणली. दयाराम खुशीत म्हणला, "हाव, मले माहीत होतं, आवडीन म्हणून!" बोर्ड लागला.

आन् दुकानात कुत्रं फिरकलं नाही.

एक म्हातारी कंबर दाखवायले आली, परत गेली. एक पोरगा बोर्ड वाचून आत शिरला आन् ईचारे, हा कोर्स किती महिन्याचा, आन् यानं भरतीत मार्क वाढतात काय. गोकुळले त्याचं लय हसू आलं. तो दयारामच्या कानात वरडला, "ते लंबी पदवीवाली काय करते बे? तुलेच माहीत असीन, तूच रंगवली!"

हा प्रश्न दयारामले ऐकू आला. त्यानं इतक्या बारकाईनं ती अक्षरं काढली, पण त्याचा अर्थ काय, हे त्याले ठाऊक नव्हतं. ईचारायचं तं ती सांगीन, आन् सांगितलेलं ऐकू येणार नाही. तो म्हणला, "मोठी पदवी हाय. तुह्या डोक्यात नाही शिरणार." आन् चहा न पिता उठला.

दुपारी तो आपल्या दुकानात भाकर खाई. समोर ती डबा खाई. मधात रस्ता. दोघंही एकेकटेच. कधी तिनं तिकडून हात वर केला का हा इकडून करे. दिवसात तेवढंच त्याचं बोलणं. ती काचेच्या दारामागं नव्या खुर्चीवर बसून रस्त्याकडं पाहे, आन् त्याले लेकीवानी माया येई. आपण एवढा देखणा बोर्ड करून दिला, तरी लोक काऊन येत नाहीत, हे त्याले उमगत नव्हतं. या गावाले पदवीची कदरच नाही, असं म्हणून तो गावालेच शिव्या देई.

एक दिवस सकाळीच सुचिता रस्ता ओलांडून आली. हातात पुठ्ठा होता. तिनं पुठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

'काका, पाटी पुन्हा रंगवायची. पदव्या सगळ्यात खाली, बारीक. पहिली गाळा, मोठी एकच ठेवा. तिच्या वर, मोठ्या अक्षरात, हे.'

आन् खाली:

'कानाची व बोलण्याची तपासणी. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, त्यांनी यावे.'

दयारामनं वाचलं. पुन्हा वाचलं. त्याले आठवलं तिनं केस मागं सारलेले. केस नव्हते ते. कान दाखवत होती पोरगी. पदवी उघडी करून लिहा, असंच सांगून राह्यली असीन, आन् आपण मान हालवली.

"मॅडम," तो कसाबसा म्हणला, "पदवी उघडी पडते ना."

तिनं त्याच्या हातातला पुठ्ठा घेतला आन् कोपऱ्यात लिहिलं, 'पडू द्या.'

त्यानं शिडी लावली. जुनी अक्षरं निळ्या रंगाखाली गेली, मोत्याची लडही गेली. मंग एकेक अक्षर काढत गेला. 'आवाज येतो पण' इथपर्यंत हात बरोबर चालला. 'शब्द' काढायच्या आधी त्यानं ब्रश दोनदा रंगात बुडवला. रस्त्यावरून जाणारे थांबून वाचत होते, आन् त्याले वाटे, आपलंच नाव रंगवून राह्यलो चौकात. ह्या ओळीत अक्षराईच्या मधात एकही टिंब द्यायचं नव्हतं. पूर्णविराम तेवढा.

खाली उतरला तवा सुचितानं काचेचं दार उघडून धरलं होतं. आत खुर्ची दिसत होती. दयारामनं ब्रश पुसला, डबे उचलले आन् खाली मान घालून आपल्या दुकानात गेला.

संध्याकाळी प्रसेनजितचा फोन आला, चेहरा दिसणारा. पोरगा काही बोलला. दयाराम म्हणला, "हाव, बरं हाय." पोरगा पुन्हा बोलला, हळू, डोळे पुसत. दयाराम त्या डोळ्याकडं पाहत राह्यला. इथं 'हाव' म्हणावं का नाही, हे त्याले कळेना. आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणला, "प्रसेन, मले ऐकू नाही येऊन राह्यलं बापा."

पोरानं फोन ठेवून मेसेज लिहिला. त्याची नोकरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी दयारामनं सोताचं दुकान उघडायच्या आधी ते काचेचं दार ढकललं. सुचितानं आधी बत्ती लावून कानात पाह्यलं, मंग बंद खोलीत बसवून हेडफोन लावला. आवाज आला का हात वर करायचा. कैक वेळा तिचं बोट मशीनवर दाबलेलं दिसे आन् ह्याचा हात मांडीवरच राही. मंग तिनं कागद दाखवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, दोन्ही रेघा उजवीकडं पायऱ्यावानी खाली उतरलेल्या. बारीक, उंच आवाज गेले होते, आन् शब्द त्यातच असतात. तिनं त्याले आधी बुलढाण्याले कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथून आल्यावर कानात ऐकायचं मशीन बसवलं.

मशीन घालून तो दुकानात आला आन् एका वकिलाच्या पाटीवर हात मारायले बसला. बी.ए., एल्‌एल.बी. ब्रशचं उलटं टोक पत्र्याले टेकलं. टक.

तो थबकला. पुन्हा टेकवलं. टक. इतकी वर्षं टिंब देताना टक असं वाजते, हे तो इसरूनच गेला होता. तो टेकवतच राह्यला, आन् वकिलाच्या पाटीवर मागितली नव्हती तेवढी टिंबं झाली.

त्यानं चाकणले फोन लावला. बाप-लेक लय वेळ बोलले.

सुचिताचं दुकान मात्र टिकलं नाही. पाटी वाचून लोक यायले लागले होते, पण महिना संपला तसं तिनं शटर ओढलं आन् अकोल्याले एका दवाखान्यात नोकरीवर गेली. दयाराम मशीन दाखवायले एस.टी.नं तिथं जाते. समोरच्या बंद दुकानावरचा बोर्ड त्यानं अजून उतरवू दिला नाही. दुपारी भाकर खाताना हात वर करायले आता तिकडं कोणी नाही.

आन् हे लय मागून, दुकानाच्या मालकाकडून कळलं: तो पुठ्ठा घेऊन सुचिता रस्ता ओलांडून आली, त्याच्या आदल्या दिवशीच तिनं मालकाले सांगून टाकलं होतं, का महिना संपला का मी दुकान सोडून राह्यली. ती ओळ मंग एकाच माणसासाठी होती.