नीरजाताईंचं कुलूप

कर्वेनगरच्या नीरजाताई केळकर तीस वर्षं घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. त्यांचे संगणक मी दुरुस्त करतो. एरवी त्या मला 'अरे' म्हणतात; 'आपण' म्हणाल्या की समजावं, आपलं चुकलंय.

गेल्या महिन्यात मुलीनं त्यांना एआरएम या नव्या धाटणीच्या चिपचा लॅपटॉप पाठवला. सकाळी चार्ज केला की दिवसभर चालतो, गरमही होत नाही. जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचा त्यांचा लॅपटॉप तासाभरात मान टाकतो. मी जुळणीचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर टाकलं. जुन्या प्रोसेसरसाठीचे प्रोग्राम नवं विंडोज भाषांतर करून चालवतं, हे ऐटीत सांगितलंही. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, कुलूप सापडत नाही.

कुलूप म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी डबी. ती असल्याशिवाय ते सॉफ्टवेअर काम करत नाही. संगणकाला तिची ओळख पटवणारा प्रोग्राम, म्हणजे तिचा ड्रायव्हर, विंडोजच्या गाभ्यात बसतो. तिथे भाषांतर चालत नाही, तो नव्या चिपसाठीच लिहावा लागतो. लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडली.

"आपण आधी विचारायचं होतं," ताई म्हणाल्या.

त्यांनी डबी अलगद काढून पदरानं पुसली. "यांनी स्कूटर विकून हे आणलं होतं. वर्षभर सायकलनं खडकीला कामावर गेले."

मग त्यांनी जुना लॅपटॉप चार्जरला लावून सुरू केला. त्याचा पंखा घरघरू लागला.

"काम झालं की ही डबी कुठे ठेवता?" मी विचारलं.

"कुंकवाच्या करंड्यात," त्या म्हणाल्या. "तो आता रिकामाच असतो."