तारेवरच्या दोन चिठ्ठ्या

घाटंजीच्या बाजारात जुबैदाच्या बांगड्यांच्या दुकानासमोर संगीताचं दुकान. मधे रस्ता आहे, पण तो एवढासा, की इकडून शिंकलं तर तिकडून सुखी राहा म्हणावं. पण गेल्या दोन वर्षांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कोणी कारण विचारलं तर जुबैदा मोठ्या शांतपणे सांगायची, "काही नाही जी, आपलं काम भलं अन् आपण भलं." आणि बोलता बोलता डोळा समोरच्या फळीवर.

त्या फळीवर डबे होते. यवतमाळच्या विठ्ठलराव ठोकवाल्याच्या निळ्या पट्टीचे, छातीएवढ्या उंचीपर्यंत रचलेले. ते रोज मोजल्याशिवाय जुबैदाला चहा गोड लागत नसे. दिवाळीआधी बारा होते, आता एकोणीस. तिच्या स्वतःच्या मालाचा मात्र पत्ता नव्हता. दसऱ्यानंतर पाठवलेल्या चिठ्ठीला सहा आठवडे उलटले होते.

येत्या रविवारी बेबीताईंच्या लेकीचा, अर्पिताचा, लग्नाचा चुडा भरायचा होता. बेबीताईंच्या घरच्या बांगड्या जुबैदाची सासू भरायची, सासूनंतर जुबैदा. त्या घरच्या नवरीचा हात आजवर दुसऱ्या कोणी धरला नव्हता. पण परवा बेबीताई येऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "हिरवा काच आला नसन तर आधीच सांगजो व. साठ बायांचा सवाल हाय. मले मंग समोर विचारा लागन." समोर हा शब्द जुबैदाच्या काळजात बांगडीच्या तुकड्यासारखा रुतला.

ही संगीता कोण? आठवडी बाजारात टोपलं घेऊन जुबैदाच्या शेजारी बसणारी पोरसवदा बाई. हात मऊ करून बोटांची मोळी कशी बांधायची, बांगडी अंगठ्यावरून कशी उतरवायची, सगळं जुबैदानं शिकवलं. आणि तीच समोर गाळा घेऊन बसली, काचेचा दरवाजा लावून! जुबैदाच्या दुकानाला दरवाजा म्हणजे शटर. बायका तो काचेचा दरवाजा ढकलायला म्हणूनच जातात, असं तिचं पक्कं मत होतं.

फोन करून झाले होते. दर वेळी विठ्ठलराव म्हणायचे, "पाहून राह्यलो, पाहून राह्यलो." त्यांचा कारभार जुना. फोनवरची मागणी ते धरत नसत. सहीची चिठ्ठी हवी. ती ते गल्ल्यामागच्या तारेवर ओवत आणि नंबराप्रमाणे माल काढत. तेव्हा मंगळवारी जुबैदानं कागदच घेतला. मराठी शाळेत सातवीपर्यंत पहिल्या बाकावर बसलेली बाई होती ती, अक्षर मोत्यासारखं.

"श्री. विठ्ठलरावजी यांस जुबैदा बांगडीवालीचा नमस्कार. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हिरव्या काचेची मागणी पाठवली होती. दोन-चार मापाच्या तीस डझन, दोन-सहाच्या पन्नास डझन, दोन-आठच्या वीस डझन. आज सहा आठवडे झाले. माल आला नाही, नाही म्हणून उत्तरही आलं नाही. रविवारी चुड्याचं काम आहे. शुक्रवारपर्यंत माल पाठवावा, नाहीतर मागणी रद्द समजून स्पष्ट कळवावं, म्हणजे मी गिऱ्हाइकाला सांगायला मोकळी."

इथवर पत्र शहाण्या माणसाचं होतं. इथंच थांबायला हवं होतं. पण समोरचा काचेचा दरवाजा तेवढ्यात उघडला, तीन बाया आत गेल्या, आणि पेन आपोआप पुढं चाललं: "तुमच्या दुकानात नवीन गिऱ्हाइकाला माल आधी अन् जुन्याला नंतर, असा कायदा झाला असेल तर तोही लिहून कळवावा."

यवतमाळची काळीपिवळी जीप चालवणाऱ्या बादलच्या हाती तिनं पाकीट दिलं. "हातातच देजो. अन् उत्तर घेतल्याबिगर येऊ नको."

रात्रभर तिनं एकोणीस डबेच पाहिले. हिरव्या चुड्यातली अर्पिता दिसली, आणि तिचा हात धरून बसलेली संगीता. जळत होती बिचारी, दुसरा शब्द नाही. जळणं वाईट हे तिलाही कळत होतं, पण कळून कोणाची जळजळ थांबली आहे?

बुधवारी दुपारी बादल आला. माल नव्हता, पाकीट होतं. आत विठ्ठलरावांच्या हातचा कागद आणि त्याला टाचलेल्या, तारेचं भोक पडलेल्या दोन चिठ्ठ्या. वरची जुबैदाची स्वतःची. मागणी, मापं, सही, आणि खाली तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ, जी ती साफ विसरली होती: "संगीताला जी शेड द्याल ती मला नको. तिचा माल आधी ठरू द्या, मग माझा त्याहून वेगळा काढा."

दुसरी चिठ्ठी संगीताची. जुबैदाच्या चिठ्ठीच्या दोन दिवस आधीची. तीच मापं, आणि खाली वाकड्या अक्षरात: "जुबैदाभाभीले जो हिरवा जाईन तोच मले द्या. त्यायचा ठरल्यावर काढा."

विठ्ठलरावांनी लिहिलं होतं, "भाभी, एकीला सारखाच पाहिजे, दुसरीला वेगळाच पाहिजे, आणि दोघी म्हणतात आधी तिचं ठरू द्या. मी काय काढू? दोन वर्षांमागं तुम्ही दोघी माझ्याच गल्ल्यापुढे भांडल्या, तेव्हापासून एकीचं दुसरीला सांगायचं मी सोडलं. तुम्हालाही नाही गेला माल, तिलाही नाही. दिवाळीपासून तिच्याकडे एक डबा गेलेला नाही. दोघी मिळून एक चिठ्ठी पाठवा. गुरुवारी आली तर शुक्रवारी माल."

जुबैदानं समोर पाहिलं. एकोणीस डबे. मग तिची नजर स्वतःच्या फळीकडे वळली. तिथंही चौदा डबे होते, त्यातले अकरा रिकामे. रिकामा डबा पुढं लावायचा, म्हणजे दुकान भरलेलं दिसतं. ही युक्ती तिच्या सासूची, आणि संगीताला तिनंच शिकवलेली.

चिठ्ठ्या मुठीत घेऊन तिनं रस्ता ओलांडला. काचेचा दरवाजा तिच्याकडून पहिल्यांदा उलटाच ढकलला गेला. संगीता उठून उभी राहिली.

"हे काय लिहिलं व तू?" जुबैदानं चिठ्ठी पुढं धरली. "माह्यासारखा काहून पाहिजे तुले?"

संगीतानं चिठ्ठी पाहिली आणि ती रडवेली झाली. "बाया येते अन् इचारते, भाभीच्या इथंसारखा हाय का? मी नाही म्हणतो तं निंघून जाते. मंग काय लिहू मी?"

हे ऐकून जुबैदाला इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःची लाजच वाटली. तिनं स्टूल ओढलं आणि आपल्या चिठ्ठीवरची ती ओळ खोडली.

"माल शुक्रवारी सांजेले येईन. साठ बाया एका दिवसात माह्यानं भरणं होत नाही. येतं का संग?"

"बेबीताईच्या घरी? मी?"

"नवरी मी भरीन," जुबैदा घाईघाईनं म्हणाली. "हे आधीच सांगून ठेवतो."

नवीन चिठ्ठीवर नाव कोणाचं आधी, यावर दोघींची चांगली अर्धी घटका गेली. शेवटी जुबैदाचंच आधी लागलं.

माल आला. रविवारी बेबीताईंच्या अंगणात दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. जुबैदानं अर्पिताचा हात धरला खरा, पण कान मागं होता. मागं बाया म्हणत होत्या, "किती हलका हात हाय व हिचा!" जुबैदानं मान वळवली, आणि नवरीच्या मनगटावर कच्चकन आवाज झाला.

नवरीची बांगडी फुटली असं कोणी तोंडानं म्हणत नाही. बेबीताई हळूच म्हणाल्या, "वाढवली, वाढवली. दुसरी घाला."

संगीतानं आपल्या डब्यातली दोन-चारची एक बांगडी मागून पुढं केली. त्याच शेडची होती. जुबैदानं ती घेतली आणि अर्पिताच्या हातात भरली.