चूक नसलेला निबंध

माझी बाराखडी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर झाली. आमच्या घरात पाटी नव्हती असं नाही, पण वडील चळवळीतले, म्हणून पत्रकं पाटीपेक्षा जास्त होती. पुढच्या बाजूला 'बंधू-भगिनींनो' आणि मागच्या बाजूला माझा ग गणपतीचा गिरवलेला. गणपती हा शब्द वडिलांना पटत नसे म्हणून ते म्हणायचे, ग गवताचा म्हण.

आमच्या वस्तीला नळ हवा होता. वडिलांनी रात्रभर बसून निवेदन लिहिलं आणि वस्तीतल्या लोकांना घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी कागद वाचला नाही, तपासला. पेनानं गोल करत करत खाली आले आणि कागद परत सरकवला. "आधी मराठी शिका, मग मागण्या करा." नळाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर वडील चिडले नाहीत. त्यांनी शुद्धलेखनाच्या नियमांचं एक पुस्तक विकत आणलं आणि मला शेजारी बसवून वाचायला लागले. तेव्हापासून आमच्या घरात वेलांटी ही लढ्याची गोष्ट होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाखाली कुणी आपला कागद परत करू नये, एवढंच वडिलांचं व्याकरण होतं.

तेच घेऊन मी शिक्षक झाले. बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावाच्या अलीकडे एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत, तासिका तत्त्वावर, नववीला मराठी.

पहिल्या निबंधाचा गठ्ठा तपासताना माझ्या लक्षात आलं की मुलांच्या चुका दोन जातीच्या असतात. एक, कानाच्या. आमच्याकडे सकाळ ही 'सकाय' असते, शाळा 'शाया', पाणी 'पानी'. मूल जे ऐकतं ते लिहितं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त वहीवर कोणतं अक्षर चालतं ते सांगावं लागतं. दुसऱ्या चुका पुस्तकी शब्दांच्या. 'परिक्षा', 'उज्वल', 'निरोगी', 'आर्शिवाद'. हे शब्द मुलांच्या घरात कुणी बोलत नाही. ते पाहुण्यासारखे वहीत येतात आणि चुकीच्या खुर्चीवर बसतात. शिवाय मराठीची आपली एक खोड आहेच. 'कापूस' दीर्घ, पण विभक्ती लागली की 'कापसाचा', उकार गायबच. 'बहीण' दीर्घ, 'बहिणीला' ऱ्हस्व. मुलं 'बहीणीला' लिहितात, कारण बहीण तीच असताना वेलांटी का बदलावी हे त्यांना कळत नाही. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त आहे.

शाळेत मराठीचे एक जुने सर होते, निवृत्तीला आलेले. त्यांची पद्धत सगळ्या शाळेला पाठ होती. चुकीच्या शब्दाभोवती लाल गोळा आणि समासात आकडा, पाच. म्हणजे तो शब्द पाच वेळा लिहून आणायचा. माझी पद्धत वेगळी होती. मी चूक दाखवत नसे. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर पेन्सिलीनं एक बारीक रेघ, दोन चुका असतील तर दोन. चूक मुलांनी शोधायची. पोरं त्या रेघांना मुंग्या म्हणायची. "आज मॅडमनं लय मुंग्या सोडल्या बे!"

मग फळ्यावर शब्द फोडायचा. परि अधिक ईक्षा. दोन इकार भेटले, एक दीर्घ झाला, म्हणून परीक्षेतली री दुसरी. उत् अधिक ज्वल. त् चा ज् झाला, म्हणून उज्ज्वलमध्ये ज दोन. निः अधिक रोगी. पुढे र आला की विसर्ग जातो, जाताना मागच्या इकाराला दीर्घ करून जातो, म्हणून नीरोगी. आशीः अधिक वाद. इथं विसर्गाचा र् होतो आणि पुढच्या 'वा'वर चढतो.

"म्हंजे मॅडम," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "एकीकडं विसर्ग मरते तं घर मोठं करून जाते, अन् दुसरीकडं मरते तं शेजाऱ्याच्या डोक्यावर बसते?"

वर्ग खिदळला. मी पण. त्या दिवसानंतर त्या वर्गात 'आर्शिवाद' कुणी लिहिलं नाही.

ही मुलगी पिंजाऱ्याची. तिचे वडील अंगणात धुनकीच्या तारेनं कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे, बाजाराच्या दिवशी धाडला बसायचे. घरात हिंदी, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत मराठी. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात सगळ्या वर्गानं पावसाळा लिहिला, कारण गाईडमध्ये पावसाळा होता. हिनं हिवाळा लिहिला. त्यातली काही वाक्यं मला अजून जशीच्या तशी आठवतात.

'हिवाळ्यात आमच्या अंगनात ढग उतरते. अब्बाच्या भूवया म्हाताऱ्या होते आणि आंघोळ केली की परत जवान होते. धुनकीची तार वाजते तवर लहानी बहीन झोपते, तार थांबली की उठून रडते. म्हणून अब्बाले चहा प्याची पण सुटी नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मग पेन्सिल घेतली, कारण मी शिक्षक होते. जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर मुंगी होती.

त्याच महिन्यात तालुक्याची निबंधस्पर्धा जाहीर झाली. विषय शाळेनं ठरवायचा, निबंध एकच पाठवायचा. आमच्याकडची रीत अशी की मुलाचा निबंध निवडायचा, शिक्षकानं तो 'दुरुस्त' करायचा, म्हणजे नवा लिहायचा, आणि मुलानं तो सुवाच्य अक्षरात उतरवायचा. बक्षीस मुलाच्या नावावर. मी म्हटलं, हे चालणार नाही. हा हिवाळा जाईल, आणि तिच्या हातानं दुरुस्त होऊन जाईल.

"मॅडम, तुम्ही काऊन एवढा जीव जाळता?" सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "तपासणारा ढग पाहत नाही. तो अंगणातला ण पाहतो."

"मग ण बरोबर करून ढग पाठवू, सर."

"पाठवा बाप्पा," ते म्हणाले. "पण चूक राह्यली तं नाव शाळेचं जाईल. अन् त्या पोरीचं पण. लोक म्हणतील, यांना कुठं मराठी येते."

'यांना' हा शब्द माझ्या कानात अडकला. नळाचा कागद आठवला. आणि मला कळलं की हा निबंध पोहोचणं, तिच्या वाक्यांसकट, एकही गोळा न येता पोहोचणं, हे माझ्यासाठी स्पर्धेपेक्षा मोठं काहीतरी झालं आहे.

मधल्या सुट्टीत आम्ही बसायचो. ती डबा खात खात मुंग्या शोधायची. 'भूवया'तला दीर्घ उकार तिनं स्वतः पकडला. 'अंगनात'चा ण पकडला. 'अब्बाले' ठेवायचं की 'अब्बांना' करायचं यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, घरातलं बोलणं अवतरणचिन्हात ठेवता येतं.

"म्हंजे चिन्हात टाकलं की चूक माफ?"

"चूक नाहीच ती. तुझी बोली आहे."

"मग सर तपासते त्या वहीत गोळा काऊन येते?"

मी तिला खूप काही सांगितलं. भाषा कुणाच्या मालकीची नसते, नियम हे हत्यार आहे, ते आपल्या हातात हवं, वगैरे. पत्रकासारखंच बोलले असेन. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, तपासणाऱ्याले हे सगळं माहीत राहीन का?"

मी म्हटलं, "तू बरोबर लिही. मग त्याला बोलायला जागाच राहणार नाही."

निबंध देण्याच्या दिवशी ती सुवाच्य प्रत घेऊन आली. बुलडाण्याची बस चुकू नये म्हणून शिपाई दारात उभा होता, पाकीट त्याच्या हातात. मी कागद उघडला.

'हिवाळा हा छान ऋतू आहे. हिवाळ्यात खूप थंडी असते. लोक स्वेटर घालतात. माझे बाबा खूप काम करतात. मला हिवाळा आवडतो.' असं पानभर. ढग नाहीत. भुवया नाहीत. धुनकी नाही. लहान बहीणही नाही. तिच्या जागी 'घरातले सगळे' होते.

"हे काय केलंस?"

"मॅडम, चूक नाही एक पण." तिचा चेहरा फुलला होता. "ज्या शब्दाची खातरी नव्हती ना, तो काढून टाकला. बहीणचं लई झंझट. कधी दीर्घ, कधी ऱ्हस्व. धुनकी तं पुस्तकातच नाही, मग तिची वेलांटी कोणाले विचाराची?"

"मला विचारायची होतीस!"

"तुम्ही तं सांगत नाही ना, मॅडम. तुम्ही मुंगी काढता."

सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून खालपर्यंत वाचला. त्यांच्या लाल पेनाचं टोपण उघडलंच नाही. "शाब्बास," ते तिला म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "इतक्या वर्षांत असा कागद पाह्यला नाही." पाकीट बंद झालं. शिपाई निघाला. जुनी प्रत पाठवा असं मी म्हणू शकत नव्हते. तिच्यात अजून मुंग्या होत्या, आणि समोर ती मुलगी हसत उभी होती, आयुष्यात पहिल्यांदा एकही गोळा न घेता.

त्या निबंधाला तालुक्यात दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा होता: निर्दोष लेखन. प्रार्थनेच्या वेळी तो सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय वाजवणार होते? वडिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बघ, कागद परत आला नाही." त्यांना केवढा आनंद झाला होता. मी त्यांना कागदावर काय होतं ते सांगितलं नाही.

त्यानंतर सगळ्या वर्गानं तिचा धडा घेतला. मुंग्या कमी झाल्या. वह्या स्वच्छ झाल्या. विहिरीवर निबंध लिहायला दिला तर त्यात विहीर एकदाच यायची, शीर्षकात, कारण शीर्षक मी फळ्यावर लिहिलं होतं. सूर्योदय नाही, सकाळ. आशीर्वाद नाही, 'चांगलं बोलले'. संधी सोडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग पोरांनी शोधला होता. संधी होईल असा शब्दच लिहायचा नाही. मी वर्गात ओरडले, विनवलं, चुका करा म्हणून सांगितलं, चुकांचे मार्क कापणार नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे सुट्टी द्यायचा अधिकार नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. दहावीचा पेपर मी तपासणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं.

थंडीत एकदा बाजाराच्या दिवशी धाडला उतरले. ती वडिलांजवळ बसली होती, रजईला टाके घालत. वडिलांच्या भुवया पांढऱ्याशुभ्र. मला पाहून ती उठली आणि एका दमात बोलत सुटली. तार कशी तुटली, अब्बा कसे शिंकले, लहान बहीण कापसात कशी लपली आणि कोणाला सापडलीच नाही, मग तिच्याच शिंकेनं कसा ढग उडाला. वडील हसत होते. शेजारचा भाजीवाला हात थांबवून ऐकत होता.

"हे लिही ना गं," मी म्हटलं.

तिनं सुईत दोरा ओवला, दातानं तोडला.

"नाही मॅडम. हे बोलाचं असते," ती मला समजावून सांगत म्हणाली. "लिहाचं नसते."